जुनी केलेली फिल्म

या, पुढं सरकून बसा. खांबाआडून काय ऐकू येणार तुम्हाला? एका बाईची गोष्ट सांगतो. तिनं स्वतःच्या हातानं आपल्याच सासऱ्याचं दुकान पुसून टाकलं, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. यात खून नाही की दरोडा नाही. थोडी धूळ, थोडा उजेड आणि विटलेला रंग, एवढ्यावरच सगळं रामायण घडलं.

तर, एक मार्केट होतं. तीन मजली, मधे चौक, आणि चौकाच्या दोन अंगांना दोन जिने, हुबेहूब एकसारखे. बांधणाऱ्यानं अर्धीच इमारत काढली असावी आणि मग कागद दुमडून उरलेली छापली असावी. डाव्या जिन्याच्या पोटात बाईचे सासरे बसायचे. घड्याळं दुरुस्त करायचे. टेबल, काचेची पेटी, मान वाकवता येणारा दिवा आणि डोळ्याला लावायचं भिंग, एवढाच पसारा. सगळं मिळून एक खोकं. माणूस आत शिरला की खोकं भरलं.

खोक्याच्या मागं जी भिंत होती ती कापडवाल्यांच्या दुकानाची. मोठं दुकान. म्हातारे कापडवाले गल्ल्यावर बसायचे आणि त्यांचा थोरला मुलगा सगळं बघायचा. चौकाच्या पलीकडे उजव्या जिन्याखाली मात्र खोकंबिकं काही नव्हतं. तिथं कापडवाल्यांचंच गोदाम होतं आणि गोदामाचं दार जिन्याखाली उघडायचं. एवढं डोक्यात ठेवा. अलीकडे भिंत आणि खोकं, पलीकडे दार.

बाई दुसऱ्या मजल्यावर एडिटिंग करायची. लग्नाच्या फिल्म, वाढदिवसाच्या फिल्म, कुणाच्या शाळेचं गॅदरिंग. खिडकीला काळे पडदे, दोन स्क्रीन आणि एक पंखा, जो फिरला की माईकमध्ये आवाज जातो म्हणून बंदच असायचा. नवरा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. दुपारचं जेवण तिघं एकत्र, बाईच्या त्या खोलीतच करायचे.

एके दिवशी थोरला वर आला. म्हणाला, "वहिनी, दुकानाला पन्नास वर्षं होतील. पप्पांना एक फिल्म द्यायचीय. सुरुवातीचा एक सीन आम्ही शूट केलाय, तो जुना करून द्या. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, ट्रंकेतून निघाला."

सीन अर्ध्या मिनिटाचाही नव्हता. थोरल्याचा मेहुणा मोठ्या कॉलरचा शर्ट आणि खाली पसरणारी पँट घालून एका दारातून बाहेर येतो, खांद्यावर कापडाचं ठाण, कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतो आणि परत आत जातो. चांगल्या कॅमेऱ्यानं काढलेला. इतका स्वच्छ की मेहुण्याच्या हनुवटीवर दाढी करताना कापलेलं दिसत होतं.

बाईला असली कामं आवडायची. आधी तिनं चित्राच्या दोन्ही कडा कापून ते जवळजवळ चौकोनी केलं आणि कोपरे थोडे गोल केले. मग धार बोथट केली. मग रंग. नवख्या माणसाला वाटतं, पिवळा रंग फासला की झालं जुनं. तसं नसतं. जुन्या फिल्मचे रंग एकदम मरत नाहीत, एकेक करून मरतात. बहुतेक वेळा निळसर रंग आधी जातो, मग राहतं ते तांबूस, गुलाबी. आणि काळं काळं राहत नाही, त्याची राख होते. तिनं काळं उचलून राखाडी केलं, निळं काढून घेतलं, वर रव्यासारखा बारीक दाणा पेरला आणि चित्र किंचित थरथरवलं, जसं मशीनमधून जाताना फिल्म थरथरते.

मग धूळ. धूळ तिची स्वतःची होती. बाजारात तयार मिळते, पण तिनं मागं कधीतरी दुधी काचेखाली दिवा लावून, काचेवर कपाटावरची धूळ भुरभुरून, वरून कॅमेऱ्यानं टिपून ठेवली होती. काळे कण, पांढरी जमीन. ही धुळीची क्लिप चित्रावर ठेवायची आणि कॉम्प्युटरला सांगायचं की पांढरं सोड, काळं धर. झाली फिल्म धुळकट. उजेडाचं याच्या उलट. जुन्या कॅमेऱ्याचं झाकण नीट बसलं नाही की फटीतून ऊन आत शिरतं आणि फिल्मच्या कडेला नारिंगी जाळ पसरतो. तोही तिनं घरीच केला होता, अंधाऱ्या खोलीत बॅटरीवर लाल-पिवळा जिलेटीनचा कागद धरून. तिथं काळं सोडायचं आणि उजेड धरायचा.

थोरला शेजारी खुर्ची ओढून बसला. "तो कॅमेऱ्याकडे बघतो ना, बरोबर तिथं उजेड टाका. तोंडावर."

"तोंड दिसणार नाही हो मग."

"नकोच दिसायला. मेहुणा आहे, हिरो नाही."

दोघं हसले. मग तो म्हणाला, "आणि पुढच्या शॉटमध्ये तो उजवीकडून येतो. याची दिशा जुळत नाही. हा शॉट आरशासारखा उलटा करा."

बाईला यात काही खटकलं नाही. एडिटिंगवाले हे रोज करतात. माणूस एका शॉटमध्ये डावीकडे गेला आणि दुसऱ्यात उजवीकडे निघाला तर बघणारा गोंधळतो, म्हणून चित्र उलटं करतात. एक बटण दाबायचं असतं. तिनं दाबलं. वर दुकानाची जुन्या अक्षरांतली पाटी बसवली. घाई होती म्हणून धुळीची तीच क्लिप परत परत जोडली. सोनाराला दागिना दिसतो, गळा दिसत नाही. तसं तिला दाणे दिसत होते, दार दिसलं नाही.

थोरला सगळं डिस्कवर घेऊन गेला. जाताना म्हणाला, "घरचं आहे, तुमच्याकडचं पुसून टाका." बाई तशीही पुसायचीच. एकदा कुणाच्या तरी लग्नाची क्लिप बाहेर गेली होती तेव्हापासून तिनं नियमच केला होता. तिनं पुसलं, आणि विसरली.

महिनाभरानं एका गुरुवारी दुपारी जेवायला बसले तर सासऱ्यांनी चतकोर पोळी मोडली आणि तशीच ठेवली.

"मामंजी, भाजी खारट झालीय का?"

"नाही गं." ते हात धुवायला उठले आणि परत बसले. "रविवारी मार्केटच्या दुकानदार मंडळाची मीटिंग आहे. माझं खोकं काढायचं म्हणतायत."

नवऱ्याचा घास थांबला. "कोण म्हणतंय?"

"कापडवाले. त्यांच्या दुकानाचं एक दार आधीपासून जिन्याखाली होतं, म्हणतात. मी दारापुढं खोकं टाकलं, दार बुजलं. पाव्हणा म्हणून आला आणि ओसरी धरून बसला, असं म्हणाला थोरला मला. सगळ्यांसमोर."

"मग तुम्ही ऐकून घेतलंत? तिथं भिंतच होती, तुम्हीच सांगता ना नेहमी."

"सांगतो." म्हातारा ताटाकडे बघत राहिला. "मी आलो तेव्हा भिंतच होती. पण त्यांच्याकडे जुनी फिल्म निघालीय. मोबाईलवर दाखवली मला. दुकान सुरू केलं तेव्हाची. त्यात दार आहे, बाबा. जिन्याखाली दार आहे आणि खोकं नाही. म्हातारेबुवांचा भाऊ, तो अपघातात गेलेला, तो ठाण घेऊन बाहेर येतो. बघितलं आणि मला घाम फुटला. रात्रभर आठवतोय. असेलही दार. माणसाच्या डोक्याचा काय भरवसा."

बाईच्या हातातलं भांडं खाली आलं. वाजलं नाही, नुसतं टेकलं.

"मामंजी, त्या माणसाचं तोंड दिसतं का?"

"नाही. बरोबर तिथंच नारिंगी उजेड येतो. जुनी आहे ना."

"वर पाटी जुन्या अक्षरांत आहे?"

सासऱ्यांनी मान वर केली. "तुला काय ठाऊक?"

तिनं सांगितलं. सगळं, आडपडदा न ठेवता. पलीकडचा जिना, मेहुणा, आरसा. सांगताना तिला पहिल्यांदा कळलं की तिनं उजवा जिना उलटा करून डावा केला होता, आणि डाव्या जिन्याखालचं खोकं अलगद उचलून बाहेर ठेवलं होतं. तेही जेवतो त्याच खोलीत बसून.

नवरा म्हणाला, "अगं, पण तू बघितलं नाहीस?"

"नाही बघितलं."

"डोळे काय गहाण ठेवले होतेस?"

"तू गप रे," सासरे म्हणाले. खाली कुणीतरी शटर ओढलं त्याचा आवाज आला. सासरे उठले, भिंग खिशात टाकलं आणि दारात थांबून एवढंच म्हणाले, "म्हणजे भिंतच होती." आणि जिना उतरले. ओरडले असते तर बाईला बरं वाटलं असतं.

ती तडक कापडवाल्यांच्या दुकानात गेली. थोरला गिऱ्हाइकाला पडद्याचं कापड दाखवत होता. हसून म्हणाला, "या वहिनी."

"ती फिल्म मंडळापुढं ठेवताय म्हणे."

"कोणती?"

"मी जुनी केलेली."

"तुम्ही कुठं जुनी केलीत?" त्याच्या आवाजात अगदी साखर होती. "आमची घरची जुनी फिल्म, तुम्ही साफ करून दिलीत. उपकार आहेत तुमचे. आता सासऱ्यांसाठी जीव तुटतो, मी समजू शकतो. पण सूनबाईचं कोण ऐकेल?" आणि कापडाचा पन्हा मोजायला वळला.

तो खोटारडा होता, पण मूर्ख नव्हता. बाईनं सगळ्या डिस्क धुंडाळल्या, कचरापेटी उपसली. स्वतःचा नियम स्वतःच्या मुळावर आला. मूळ शूटिंग नाही, काम नाही, फिल्मची प्रतसुद्धा नाही. उरली होती फक्त तिची धूळ आणि तिचा उजेड. त्यांचं काय करायचं हे तिला रविवार उजाडेपर्यंत कळलं नव्हतं. नुसता लॅपटॉप घेऊन गेली, लढाईला जाणारा माणूस हाताला लागेल ते घेऊन जातो तशी.

मीटिंग तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. एकमेकांत न बसणाऱ्या तऱ्हेतऱ्हेच्या खुर्च्या, भिंतीवर पांढरा पडदा, प्रोजेक्टर थोरल्यानं आणलेला. अध्यक्ष म्हणजे वह्या-पुस्तकांचे दुकानदार. सगळं शांतपणे ऐकायचे आणि शेवटी हात वर करायला लावायचे. पहिल्या रांगेत म्हातारे कापडवाले, इस्त्रीचा शर्ट, हातात काठी. सासरे शेवटच्या खुर्चीवर. त्यांनी स्वच्छ शर्ट घातला होता पण वरचं बटण लावायचं राहिलं होतं.

दिवे बंद झाले. पडद्यावर तांबूस जिना आला, धूळ नाचली, ठाण घेतलेला माणूस दारातून बाहेर आला. बाईला कबूल करावं लागलं की काम फार चांगलं झालं होतं. माणूस वळला, नारिंगी जाळ आला, तोंड त्यात विरघळलं. पुढच्या रांगेतून एक आवाज आला, हुंदक्यासारखा. म्हातारे कापडवाले डोळे पुसत होते.

तेव्हा बाईच्या लक्षात आलं. म्हाताऱ्याला ठाऊकच नव्हतं. पोरानं बापालाही तेच सांगितलं होतं, ट्रंकेतून निघाली म्हणून.

दिवे लागले. अध्यक्ष म्हणाले, "कुणाला काही बोलायचंय?"

बाई उठली. "ही फिल्म जुनी नाही. गेल्या महिन्यात मी केली. हा पलीकडचा जिना आहे, चित्र उलटं केलंय."

कुजबूज झाली. थोरला बसल्या जागेवरूनच म्हणाला, "रीळ चिकटत आलं होतं, वास मारत होतं. त्यातून जेवढं उतरलं तेवढं वहिनींकडे साफ करायला दिलं. बस. बाकी त्यांची सासऱ्यांवरची माया."

"रीळ कुठं आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"तुकडे पडले. ठेवून काय करणार?"

"त्याच्या मनगटावरचं घड्याळ बघा," बाई म्हणाली. "उजव्या हातात आहे. चित्र उलटं आहे म्हणून."

काठी टेकत म्हातारे उठले. "माझा भाऊ डावखुरा होता, पोरी. घड्याळ उजव्याच हातात बांधायचा. तू त्याला बघितलं नाहीस. मी बघितलंय."

आता काय बोलणार? खोटं बोलणाऱ्याला खोडता येतं, खरं वाटणाऱ्याला कसं खोडायचं? बाईनं शेवटचं काढलं. "शर्टाची पट्टी बघा. बायकांच्या ब्लाउजसारखी उलटी आहे."

"पन्नास वर्षांपूर्वी शिंपी कसाही शिवायचा," थोरला म्हणाला आणि लोक हसले. ते हसू बाईच्या कानाखाली बसल्यासारखं लागलं. हसलं की माणसाचं मन ठरतं. तिनं वळून सासऱ्यांकडे बघितलं. ते पडद्याकडे बघत होते, आणि तोंडावर पुन्हा तेच आलं होतं. असेलही दार.

"मग हात वर करून घेऊ," अध्यक्ष म्हणाले.

"फिल्म आणखी एकदा लावा," बाई म्हणाली. का म्हणाली तिला माहीत नव्हतं. नुसता वेळ हवा होता.

थोरल्यानं खांदे उडवले आणि लावली. या वेळी बाईनं दार बघितलं नाही, माणूस बघितला नाही. धूळ बघितली. खालच्या डाव्या कोपऱ्यात एक केस, मासळीच्या गळासारखा वाकडा. त्याच्यामागून एक कण, चोच उघडलेल्या बदकासारखा. मग काही नाही. मग थोड्या वेळानं परत तोच केस, तिथंच, आणि मागून तेच बदक.

केस तिचा होता. दुधी काचेवर धूळ भुरभुरताना तिनं फणीतला एक काढून टाकला होता, खरं वाटावं म्हणून.

तिनं हळूच मोबाईल उचलला आणि अंधुक उजेडात बसलेल्या सगळ्यांवरून फिरवला. अध्यक्ष, खुर्च्या, भांड्यांच्या दुकानातली भांडीवाली तिच्या पिशवीसकट, कापडवाल्यांची काठी. मग लॅपटॉप मांडीवर उघडला आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याला म्हणाली, "अहो, जरा बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. थांबू नका."

नवरा उठला. बिचारा लहान पोरांना गाडीत बसवणारा माणूस, त्याला भाषण कुठलं यायला. पण उभा राहिला आणि जिन्याखालच्या दिव्याचं बिल कोण भरतं तिथून सुरू झाला, मग नळाची गळती, मग चौकात वाकड्या लावलेल्या गाड्या.

"मुद्द्यावर या," अध्यक्ष म्हणाले.

"येतो ना. मुद्दा असा की त्या नळाखाली जी बादली असते..."

"याचा खोक्याशी काय संबंध?" थोरला तडकला. "वेळ काढतोय हा."

बाईची बोटं चालत होती. मोबाईलचं चित्र घातलं. कडा कापल्या. काळं उचललं, निळं काढलं. धुळीची क्लिप वर ठेवली, पांढरं सोड, काळं धर. उजेड, काळं सोड, उजेड धर. मग फिल्म बाहेर काढायचं बटण. पट्टी सरकायला लागली, आणि निम्म्यावर येऊन अडकली. लॅपटॉप जुना होता. त्याच्या पोटातला पंखा घरघरायला लागला तसं थोरल्यानं मागं वळून बघितलं. बघितलं आणि त्याला कळलं. उठून तो तरातरा प्रोजेक्टरपाशी गेला आणि वायर काढायला लागला.

"बास झालं. आमचा प्रोजेक्टर आहे, आम्हाला दुकान उघडायचंय. मतं घ्या."

"वायर राहू दे," अध्यक्ष म्हणाले.

"पण..."

"फिल्म दाखवायला तुम्हाला दोनदा वेळ दिला. राहू दे."

पट्टी सरकली. बाई उठली, वायर आपल्या लॅपटॉपला लावली. घाईत पिन दोनदा चुकली. "दिवा बंद करा."

पडद्यावर तांबूस हॉल आला. विटलेल्या रंगात जुन्या खुर्च्या, खुर्च्यांवर जुनी माणसं, धुळीत बसलेली. एकदम फार पूर्वीची. भांडीवाली म्हणाली, "अगंबाई, हे कोण?" आणि मग तिला तिचीच पिशवी दिसली. अध्यक्षांनी स्वतःला बघितलं, वाकून, चष्मा वर करून, वडिलांचा फोटो बघावा तसं. कुणी हसलं नाही. फार चमत्कारिक वाटतं ते, माणूस जिवंत बसलाय आणि पडद्यावर तो गेलेला दिसतोय.

"ही आताची आहे," बाई म्हणाली. "तुम्ही बसला आहात त्याच खुर्च्या. आता डाव्या कोपऱ्यात खाली बघा."

केस आला. मागून बदक आलं.

"आता त्यांची लावा."

अध्यक्षांनी स्वतः उठून थोरल्याच्या लॅपटॉपवरची लावली. केस आला. मागून बदक. उजव्या कडेनं जाळ, तोच, तसाच. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "परत लावा, परत लावा." परत लावली. परत बदक.

"केस माझा आहे," बाई म्हणाली. "फणीतला."

थोरला तरी हटला नाही. मानलं पाहिजे त्याला. "मग? साफ करताना हिनंच टाकला असेल आमच्या फिल्मवर. मुद्दाम. आज हे नाटक करायला."

त्याच्या बोलण्यात खोट सापडत नव्हती. तेवढ्यात भांडीवाली, जिचा या भानगडीशी काडीचा संबंध नव्हता, पिशवी मांडीवर घेत म्हणाली, "काय रे बाबा, धुवायला दिलेलं पातळ मळवून आणलं आणि तू पैसे देऊन घरी घेऊन गेलास? बघितलं नाहीस? की इकडं आणलंस आणि सगळ्यांना दाखवलंस, दोनदा?"

थोरला आपला लॅपटॉप मिटायला पुढं झाला.

म्हातारे कापडवाले अजून पडद्याकडे तोंड करून उभे होते. वळले तेव्हा त्यांनी बाईकडे बघितलं नाही, मुलाकडे बघितलं.

"तो माझा भाऊ नाही?"

"पप्पा, दुकानाला दार हवंय, आपण घरी..."

"कोण आहे तो?"

थोरला खाली बघून म्हणाला, "मेहुणा आहे माझा."

म्हाताऱ्यानं मान हलवली. एकदा, दोनदा, तशीच हलत राहिली. "मला तर आठवायला लागलं होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी तो काय बोलला ते. दार कुणी रंगवलं ते. तीन दिवस मला सगळं आठवतंय." मग काठी उचलली आणि अध्यक्षांना म्हणाले, "आमचा अर्ज नाही." आणि कुणाचा हात न धरता जिना उतरले. थोरला मागं मागं गेला. प्रोजेक्टर तिथंच राहिला.

सोमवारी सकाळी सासरे खोक्यात बसले. दिवा लावला, भिंग डोळ्याला लावलं. बाई चहा घेऊन खाली आली तर ते भिंतीवरून हात फिरवत होते, हळूहळू, वरपासून खालपर्यंत, जसं कुणी दार चाचपडावं.

"काय शोधताय, मामंजी?"

"काही नाही. चहा ठेव." थोड्या वेळानं म्हणाले, "एकदा बघितलं की जात नाही गं डोक्यातनं."

त्यांचं दुकान राहिलं. बाईनं धुळीची ती क्लिप मात्र पुसून टाकली. पण तोवर उशीर झाला होता, कारण त्या रविवारी हॉलमधल्या कुणीतरी, भांडीवालीचं नाव घेतात पण मी बघितलेलं नाही, पडद्यावरची ती हॉलची फिल्म मोबाईलवर उतरवून घेतली होती. ती फिरायला लागली. आज ह्या गावात, उद्या त्या. खाली लिहिलेलं असतं, आपल्या मार्केटची पन्नास वर्षांपूर्वीची दुर्मिळ फिल्म, जुनी माणसं आठवतात का बघा. आणि लोक आठवतात हो. कुणी म्हणतं हा माझा आजा, कुणी म्हणतं ती आमची आत्या, तिची अशीच पिशवी होती.

तेवढ्यासाठीच तुम्हाला हे सगळं सांगितलं. ती तुमच्या मोबाईलवर आली तर पुढं पाठवू नका. आणि पाठवल्याशिवाय राहवलंच नाही, तर खाली एवढं लिहा की ही माणसं अजून जिवंत आहेत, आणि कोपऱ्यातला केस एका एडिटिंगवाल्या बाईचा आहे. लिहाल ना?